कंदिलाच्या उजेडातली संध्याकाळ: दोन रात्री, एकच जागा, दोन वेगळे निकाल (प्रकरण अभ्यास)

शाळेचं आणि कुणाचंच नाव देत नाहीये, बाकी सगळं जसं झालं तसंच आहे. संध्याकाळच्या कार्यक्रमाची जबाबदारी माझ्याकडे होती, त्यामुळे चुका कुठे झाल्या ते मी जवळून बघितलंय, आणि सहावी-सातवीच्या मुलांना मुक्कामी नेणाऱ्यांना याचा उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पार्श्वभूमी

नाशिक शहरातली मराठी माध्यमाची शाळा, इयत्ता सहावी, दोन तुकड्या, प्रत्येकी साठ मुलं. त्र्यंबक रोडला अंजनेरीच्या बाजूला एका शेतावर एक रात्रीचं निवासी शिबिर ठरलं. जागा लहान म्हणून एक तुकडी शुक्रवारी आणि दुसरी शनिवारी. मी आणि अजून दोन शिक्षक दोन्ही रात्री तिथेच राहणार होतो, बाकीचे शिक्षक तुकडीबरोबर बदलणार होते. मुलांची झोपायची सोय दोन पक्क्या हॉलमध्ये, समोर मोकळं अंगण, एका कडेला स्वयंपाकघर आणि त्याला लागून जुनी पडवी, आणि स्वच्छतागृह हॉलपासून साधारण साठ फुटांवर. हे साठ फूट पुढे महत्त्वाचे ठरले.

जानेवारीचा पहिला आठवडा होता. सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो, पावणेसातला चांगलाच अंधार होतो, आणि रात्री थंडी दहा अंशांच्या आसपास जाते, उघड्यावर बसलं तर आठनंतर सतरंजी दवाने ओलसर लागायला लागते. मोठ्या बाईंचं म्हणणं होतं की संध्याकाळी डीजे नको, प्रोजेक्टर नको, कंदील लावून गाणी, कोडी आणि गोष्टी असं साधं काहीतरी करा. मला कल्पना मनापासून आवडली. मी भांडी बाजारातून रॉकेलचे चार कंदील आणले, घरचे दोन बॅटरीचे होते, आणि मला वाटलं झालं, तयारी संपली.

पहिल्या रात्री काय झालं

साठ मुलांचं एकच मोठं रिंगण केलं, मधोमध एका दगडी चौथऱ्यावर चारही कंदील ठेवले आणि सात वाजता सुरू केलं. जेवण साडेआठला ठेवलं होतं, म्हणजे आधी कार्यक्रम मग जेवण.

पहिली दहा मिनिटं मस्त गेली. टाळ्यांची गाणी होती, सगळे नवलाईत होते. मग कोडी सुरू झाली आणि तिथून घसरगुंडी. मी मध्ये उभं राहून विचारायचो आणि माझ्या पाठीमागच्या मुलांना काही ऐकू जायचं नाही, फिरून परत विचारलं की पुढची मुलं म्हणायची सर झालं ना हे. दोन-तीन मुलांनी टॉर्च काढून समोरच्यांच्या तोंडावर मारायला सुरुवात केली, ते बघून अजून वीस टॉर्च निघाले. एका मुलाच्या पोटात कावळे ओरडत होते ते त्याने मोठ्यांदा सांगितलं आणि मग सगळ्यांनाच भूक लागली. दोन कंदिलांच्या काचा काजळीने काळ्या झाल्या कारण वाती तिरक्या कापल्या गेल्या होत्या आणि उजेड कमी वाटतोय म्हणून मीच त्या अजून वर केल्या, वात वर केली की ज्योत धूर सोडते आणि काच अजून काळी होते, म्हणजे उजेड वाढवायला गेलो आणि कमी करून बसलो.

सगळ्यात वाईट शेवटी झालं. मुलं ऐकेनात म्हणून एका सरांनी त्यांना धरून ठेवायला भुताची गोष्ट सुरू केली. मुलं एकदम शांत झाली हे खरं, पण ती शांतता भीतीची होती. नाशिकच्या मुलांच्या कानावर बिबट्याच्या बातम्या सारख्या पडत असतात, उसाच्या शेतात दिसला, मळ्यात दिसला, त्यात ही गोष्ट. रात्री त्या साठ फुटांवर जायला कुणी तयार होईना, पहाटे दोन मुलांची अंथरुणं ओली झालेली सापडली, आणि एक मुलगी साडेअकरापर्यंत आईला फोन लावा म्हणून रडत होती. शेवटचं मूल झोपलं तेव्हा साडेबारा वाजून गेले होते.

अडचण नेमकी कुठे होती

शनिवारी दुपारी पहिली तुकडी परत गेली आणि दुसरी यायला तीन तास होते. आम्ही तिघं पडवीत बसलो. पहिली प्रतिक्रिया अशी की ही तुकडीच दंगेखोर आहे. संगीताच्या सरांनी मात्र एक साधा हिशोब मांडला आणि त्याने चर्चाच बदलली.

साठ मुलं, स्वेटर-शाल घालून मांडी घातलेल्या एका मुलाला दीड फूट धरा, म्हणजे रिंगणाचा घेर नव्वद फूट. घेर नव्वद म्हणजे मधल्या कंदिलापासून प्रत्येक मूल साधारण चौदा फूट लांब. वीस मुलांचं रिंगण केलं तर घेर तीस फूट आणि अंतर पावणेपाच फूट, म्हणजे एक तृतीयांश. आणि छोट्या दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो, म्हणून अंतर एक तृतीयांश झालं की तोच कंदील चेहऱ्यावर नऊपट उजेड टाकतो. कंदील कमी नव्हते, रिंगण मोठं होतं. आवाजाचंही तेच, चौदा फुटांवर बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि ओरडून ना कोडं सांगता येत ना गोष्ट.

दुसरी गोष्ट इतिहासाच्या मॅडमनी दाखवली. कंदील मधोमध असला की समोर बघताना डोळ्यात आधी ज्योत येते, ज्योतीपलीकडचा चेहरा दिसतच नाही. आणि सांगणारा उभा असला की उजेड त्याच्या गुडघ्यापर्यंत, चेहरा अंधारात. ज्याचा चेहरा दिसत नाही त्याची गोष्ट मुलं किती वेळ ऐकणार?

तिसरी अडचण आम्हाला सुचलीच नव्हती, ती स्वयंपाकाच्या मावशींनी सांगितली. त्या भाजी निवडत आमचं ऐकत होत्या. म्हणाल्या, "सर, तुम्ही काल जात्याचं कोडं घातलं, पण तुमच्या पोरांनी जातं बघितलंय का कधी?" मी एकदम गप्प झालो. मी घातलेल्या बारा कोड्यांपैकी सातांची उत्तरं जातं, मोट, उखळ, रवी अशी होती. शहरातल्या बंगल्या-फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाने जी वस्तू डोळ्यांनी बघितलेलीच नाही ती ते ओळखणार कसं, त्याच्यासाठी ते कोडं नव्हतंच, नुसता गोंधळ होता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे माइक आणि ब्लूटूथ स्पीकर, मालकांकडे होता. आवाजाचा प्रश्न सुटला असता पण मग चेहरा एकीकडे आणि आवाज दुसरीकडून, कंदिलाचा अर्थच राहत नाही. सोडून दिला.

दुसरा, मोठे हॅलोजन लावून सरळ उजेड करायचा. यावर आमच्यात थोडा वाद झाला, कारण बिबट्याचा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि मालकांनीही सांगितलं होतं की रात्री आवार अंधारात ठेवू नका आणि उष्टं-खरकटं बाहेर टाकू नका, त्याला कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो येतो. शेवटी ठरलं की कार्यक्रम कंदिलाचा म्हणजे आवार अंधाराचं असं नाही. कुंपणाकडचे आणि स्वच्छतागृहाच्या वाटेवरचे दिवे रात्रभर चालू, मुलांची पाठ कुंपणाकडे नाही तर इमारतीच्या भिंतीकडे, आणि दोन मोठी माणसं कार्यक्रमात भाग न घेता फक्त लक्ष ठेवायला. हा निर्णय पहिल्या रात्रीच व्हायला हवा होता.

तिसरा पर्याय, वीस-वीसची तीन रिंगणं, एकात गाणी, एकात कोडी, एकात गोष्ट, आणि आळीपाळीने तिन्ही. हाच घेतला, पण यातही एक फाटा होता की फिरायचं कुणी? साधारणपणे मुलं या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जातात. वीस मुलं अंधारात उठवायची, चपला शोधायच्या, परत बसवायची, यात प्रत्येक वेळी आठ-दहा मिनिटं जातात, कुणीतरी ठेचकाळतं आणि जमलेला रंग मोडतो. म्हणून ठरवलं की मुलं जागची हलणार नाहीत, सांगणारी माणसं आपापला कंदील हातात घेऊन फिरतील.

रॉकेल की बॅटरी हाही प्रश्न होताच. रॉकेल आता सहज मिळत नाही, काच तापली की चटका बसतो, आणि वीस मुलांच्या रिंगणात कुणाचा तरी पाय लागणारच. पण बॅटरीच्या कंदिलाचा पांढरा उजेड डोळ्यांवर येतो आणि दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. उपाय मुलांच्या सामानातच निघाला, संक्रांत जवळ होती आणि एकाकडे पतंगाचा पिवळा कागद होता.

काय केलं

बॅटरीचे कंदील आमच्याकडे दोन होते, मालकांकडून अजून दोन मिळाले. त्यांना पतंगाच्या पिवळ्या कागदाचे दोन थर रबरबँडने गुंडाळले आणि उजेड लगेच उबदार दिसायला लागला. हे फक्त बॅटरीच्या दिव्याला चालतं, रॉकेलच्या कंदिलाच्या जवळपासही कागद नेऊ नका. रॉकेलचे दोनच ठेवले, दुपारच्या उजेडात भरले, वाती सरळ कापल्या, आणि पडवीच्या खांबाला मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर टांगले. ते नुसते वातावरणासाठी.

टॉर्च जमा करून घ्यायचे असं एका सरांचं मत होतं. मला ते पटलं नाही, घाबरलेल्या मुलाच्या हातातला टॉर्च काढून घेणं म्हणजे त्याला अजून घाबरवणं. म्हणून प्रत्येकाच्या टॉर्चलाही पिवळा कागद लावायला दिला. मुलांनी ते आवडीने केलं, आणि अशा टॉर्चने डोळे दिपत नाहीत म्हणून तोंडावर मारण्यात मजा राहिली नाही. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एक पांढरा झोत आला की ती सगळी मेहनत वाया, त्यामुळे हे छोटं काम फार उपयोगी पडलं. शिक्षकांचे मोबाईलही खिशात.

दुपारी मावशींनी मुलांना शेतघर दाखवलं. आम्ही फक्त त्यांना सांगितलं होतं की रात्री जी कोडी घालणार त्या वस्तू दुपारी मुलांच्या हातात द्या, पण रात्रीचं काही बोलू नका. मुलांनी जातं ओढलं, सूप पाखडून बघितलं, चुलीत लाकडं सारली, हॉलचं जुनं मोठं कुलूप उघडून बघितलं.

जेवण सव्वासहालाच उरकलं. त्याचे दोन फायदे झाले, मुलांची पोटं भरली आणि मावशी मोकळ्या झाल्या. कोडी त्याच घालणार होत्या, मी त्यांचा मदतनीस. गाणी संगीताच्या सरांकडे, गोष्ट इतिहासाच्या मॅडमकडे.

सव्वासातला सगळ्यांनी मिळून दोन गाणी, मग वीस-वीस मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं. सांगणाऱ्याने खाली बसायचं, कंदील मधोमध न ठेवता आपल्या बाजूला हातभर अंतरावर, उलट्या घमेल्यावर ठेवायचा म्हणजे तो साधारण छातीच्या उंचीला येतो आणि चेहऱ्यावर बाजूने उजेड पडतो. हाताच्या हालचालीही दिसतात, आणि पडवीतल्या रिंगणात मॅडमची सावली मागच्या भिंतीवर पडायची ते तर आम्ही ठरवलंही नव्हतं.

तीन फेऱ्यांच्या पद्धतीत एक खोच आहे. एका रिंगणाला गोष्ट शेवटी मिळते, पण दुसऱ्याला शेवटी गाणी आणि तिसऱ्याला शेवटी कोडी, म्हणजे झोपायच्या वेळेला दोन रिंगणं उड्या मारत असणार. म्हणून प्रत्येकाने आपला प्रकार फेरीप्रमाणे बदलायचा असं ठरलं. सरांनी पहिल्या फेरीत टाळ्या आणि हातवाऱ्यांची गाणी घेतली, दुसरीत एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी झेलायची अशी, आणि तिसरीत जात्यावरच्या ओव्या, हलक्या आवाजात. मावशींनी पहिल्या फेरीत दोन गटांचा सामना लावला, शेवटच्या फेरीत उत्तर ओरडायचं नाही, शेजारच्याच्या कानात सांगायचं, आणि ते कानोकान मावशींपर्यंत येणार. उत्तर पोचेपर्यंत कधी त्याचं भलतंच काहीतरी व्हायचं आणि मुलं हसायची, पण दबक्या आवाजात.

कोड्यांचं काय झालं ते सांगतो. "लाल गाय लाकूड खाय, पाणी पिताच मरून जाय" हे चुलीतल्या विस्तवाचं कोडं पंधरा सेकंदांत सुटलं, आणि सोडवणारा मुलगा दुपारी चुलीत लाकूड सारणारा होता. "एवढंसं कार्टं, घर कसं राखतं" याला आधी कुत्रा असं उत्तर आलं. मावशी म्हणाल्या, "भुंकत नाही रे ते," आणि लगेच चार जणांनी कुलूप म्हटलं. मावशींची ही पद्धत मला फार शिकवून गेली. चुकलेल्या उत्तराला त्या नाही म्हणायच्याच नाहीत, त्या उत्तरातूनच पुढची खूण द्यायच्या. मी आदल्या रात्री नुसतं चूक, पुढचा सांग असं करत होतो.

"सूपभर लाह्या, मधोमध रुपया" यावर एक मुलगी वर बघून म्हणाली, लाह्या म्हणजे चांदण्या, पण मावशी रुपया कुठंय? अमावस्या जवळ होती, चंद्र नव्हताच. अर्ध उत्तर तिने डोळ्यांनी शोधलं होतं आणि अर्ध्यासाठी अडली होती, मग दुसऱ्याने चंद्र म्हणून पूर्ण केलं.

गोष्टीसाठी भुतं बाद केली होती, पण अंधारात मुलांना थोडी धडधड हवीच असते हेही मान्य होतं. मॅडमनी गौतम ऋषी आणि गोदावरीची लोक सांगतात ती गोष्ट निवडली, कारण ब्रह्मगिरी तिथून फार लांब नाही आणि याच गोदावरीवरच्या गंगापूर धरणाचं पाणी या मुलांच्या घरच्या नळाला येतं. नदी डोंगरावर येते आणि परत गुप्त होते, दिसते आणि नाहीशी होते, असा पाठलाग त्यात आहे, आणि शेवटी गौतम ऋषी तिच्याभोवती कुश गवताचं कडं करतात आणि ती थांबते, तेच कुशावर्त. मॅडमनी त्या जागी आवाज एकदम खाली आणला आणि मुलांना एकमेकांचे हात धरायला सांगितले, म्हणजे रिंगणच कुशाचं कडं झालं. धडधड होती पण गोष्ट बंद होताना भीतीही बंद झाली. भुताच्या गोष्टीत भूत शेवटी बाहेर कुठेतरी फिरत राहतं, तिथेच सगळा घोळ होतो.

गोष्ट संपल्यावर लगेच सगळ्यांना मोठ्या माणसांबरोबर दहा-दहाच्या गटाने स्वच्छतागृहाकडे नेऊन आणलं. वाटेत एक पिंगळा ओरडला तेव्हा मावशींनी तो कोण ते सांगितलं. आवाजाला नाव मिळालं आणि मुलं पुढे चालायला लागली.

निकाल

पावणेनऊला सगळे हॉलमध्ये, सव्वादहाला दोन्ही हॉल झोपलेले. रात्री नऊ-दहा मुलं उठली, दाराशी बसलेल्या शिक्षकाला उठवून जाऊन आली. अंथरूण एकही ओलं नाही. फोनसाठी एक मुलगा आला होता, थोडा वेळ माझ्याजवळ बसला आणि परत झोपला.

सगळंच जमलं असं नाही. गाण्यांचं रिंगण गोष्टीच्या रिंगणापासून जेमतेम चाळीस फुटांवर होतं, पहिल्या फेरीत टाळ्यांमुळे मॅडमना दोनदा थांबावं लागलं. कोड्यांची उत्तरं शेजारच्या रिंगणाने आधीच ऐकली होती, त्यामुळे दुसऱ्या फेरीत तीन कोडी फुटली आणि मावशींनी आयत्या वेळी नवीन काढली म्हणून निभावलं, माझ्याकडे तर तेवढा साठाच नव्हता. आणि मॅडमचा घसा तिसऱ्या गोष्टीला बसला. सर्वात शांत गोष्ट ज्या रिंगणाला हवी होती त्यालाच सर्वात थकलेली मिळाली, याचं मला अजून वाईट वाटतं.

पहिल्या तुकडीतल्या ज्या दोन मुलांची अंथरुणं ओली झाली होती त्यांच्या घरी मी स्वतः फोन केला आणि चूक कार्यक्रमाची होती, मुलांची नाही, हे स्पष्ट सांगितलं. ते मला शनिवारी सकाळीच करायला हवं होतं, मी सोमवारपर्यंत थांबलो.

परत करायचं तर

गोष्ट सांगणारी दोन माणसं घेईन, म्हणजे कुणालाच तिसऱ्यांदा सांगावं लागणार नाही. पहिल्या फेरीत ज्या रिंगणात टाळ्यांची गाणी असतील ते इमारतीच्या पलीकडे, वारा ज्या दिशेला वाहतो त्या टोकाला ठेवीन म्हणजे आवाज बाकीच्यांकडे येणार नाही. प्रत्येक रिंगणाला वेगळी कोडी, किमान आठ-आठ, आणि निवडताना मावशींसारखं कुणीतरी शेजारी बसवीन. पतंगाचा कागद दवाने भिजून साडेआठलाच फाटायला लागला होता, त्यावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवीन.

आणि तारीख. आम्ही ती शाळेच्या सुट्ट्या बघून काढली होती, तिथी कुणीच बघितली नव्हती. पुढच्या वर्षासाठी मी शुद्ध सप्तमी-अष्टमीच्या आसपासचा शुक्रवार-शनिवार मागितलाय. तेव्हा अर्धा चंद्र संध्याकाळीच वर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, म्हणजे मुलं हॉलकडे चालत जाताना वाट दिसेल, आणि मावशींनी सूपभर लाह्या विचारलं की रुपयाही वरच असेल, अर्धा का होईना.